सहाचा फरक

सन दोन हजार एकोणीस. त्या साली आखातीज, म्हणजे अक्षय्य तृतीया, मे महिन्याच्या सात तारखेला आली होती. ही तारीख तृप्तीच्या ध्यानात राहायचं खरं तर काही कारण नव्हतं. पण काही तारखा आपल्या नसूनही आपल्याला चिकटतात, तशी ती चिकटली.

तृप्ती मूळची परतूर तालुक्यातल्या आष्टीची. जालन्यात मावशीकडे राहून ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि गणिताशिवाय तिला दुसरं काही सुचत नव्हतं. वर्गात तिचे दोघे सोबती. एक भारत, हसनाबादचा, रोज एस.टी.ने येणारा. दुसरी कनिका. कनिकाच्या पणजोबांनी राजस्थानातून येऊन जालन्यात कापडाचं दुकान टाकलं होतं, आणि घरात मारवाडी आणि बाहेर मराठी अशी तिची जीभ दोन्हीकडे सारखी चालायची. तिघं एकाच बाकावर बसत, एकाच डब्यात जेवत. कनिकाच्या डब्यातली केर-सांगरीची मारवाडी भाजी भारतला आवडायची नाही आणि तरी तोच ती संपवायचा.

"न्हाई आवडत तर खातो कशाला रे?" तृप्ती विचारायची.

"वाया जाऊन राह्यली ना. तुमच्यासारखं न्हाई आमचं, टाकून द्यायचं."

त्या वर्षी जिल्ह्यातल्या गणित अध्यापकांनी मिळून एक स्पर्धा ठेवली. तिला सगळे पाटी-शर्यत म्हणत. जिंकणाऱ्या संघातल्या तिघांना पुण्याच्या एका संस्थेत महिनाभराचं शिबिर, आणि शिबिर पुरं करणाऱ्याला त्याच संस्थेत एम.एस्सी.साठी थेट मुलाखत, राहायला वसतिगृह. तृप्तीच्या वडिलांनी, रामकिसनरावांनी, फोनवर साफ सांगितलं होतं, "शिबिरात नाव लागलं तर पुण्याला धाडतो. न्हाई लागलं तर औरंगाबादला बी.एड. कर, आत्या हाय तिथं. मंग कुरकुर करायची न्हाई." बाप वाईट नव्हता. पण तृप्तीला बी.एड. नको होतं. तिला ते पुणं हवं होतं, आणि तिथं पोचायची ही एकच पायरी तिला दिसत होती.

शर्यतीची रीत अशी होती. सगळा हिशोब तीसच्या बाकीत, म्हणजे कुठलीही संख्या आली की तिला तीसनं भागायचं आणि उरेल तेवढीच धरायची. वंदना मॅडमनी हे प्रकरण वर्गात शिकवलं होतं आणि त्यांच्या तोंडचं ते शिकवणं मुलांच्या अंगात मुरलं होतं.

"सहाला सहानं गुणा," मॅडम म्हणायच्या. "छत्तीस. बाकी किती? सहा. दहाला दहानं गुणा, शंभर, बाकी दहा. पंधराला पंधरानं, दोनशे पंचवीस, बाकी पुन्हा पंधरा. स्वतःला स्वतःनं गुणलं तरी जे बदलत नाहीत, ते आयडेम्पोटंट. तीसच्या रिंगमध्ये, म्हणजे या बाक्यांच्या घरात, असे आठ आहेत, शून्य आणि एक धरून. पण आपले कामाचे हे तीन. आता यातले कुठलेही दोन एकमेकांशी गुणा."

वर्ग गुणायचा. पंधरा दाहे दीडशे, बाकी शून्य. पंधरा सक नव्वद, शून्य. दहा सक साठ, शून्य.

"आणि तिघांची बेरीज?"

"एकतीस. म्हणजे एक."

"झालं. म्हणजे तीसच्या एका घरात तीन चुली मांडता येतात. पंधराच्या पटीत जे राहतं ते दोनच्या बाकीसारखं वागतं, दहाच्या पटीतलं तीनच्या बाकीसारखं, सहाच्या पटीतलं पाचच्या बाकीसारखं. शून्य, सहा, बारा, अठरा, चोवीस. या चुलीवर सहा हाच एक. कुणालाही सहानं गुणा, तो आहे तसाच राहतो. आणि एका चुलीवरचं मीठ दुसऱ्या भांड्यात जात नाही."

शर्यतीत हेच वापरायचं होतं. संघातले तिघं तीन खोल्यांत. प्रश्न तिघांना एकच, पण ज्यानं त्यानं तो आपल्या चुलीपुरता सोडवायचा. पहिल्याला दोनची बाकी काढायची, दुसऱ्याला तीनची, तिसऱ्याला पाचची. पहिला आपल्या बाकीला पंधरानं गुणून पाटीवर लिहायचा. एक स्वयंसेवक ती पाटी दुसऱ्या खोलीत न्यायचा. दुसरा आपल्या बाकीची दहापट तिच्यात मिळवायचा, तीसनं भागायचा, जुना आकडा पुसून नवा लिहायचा. तिसरा आपल्या बाकीची सहापट मिळवून पाटी पंचांसमोर धरायचा. पंच शेवटचा आकडा तेवढा टिपून घ्यायचे. मधलं कुणाला दिसायचं नाही.

तृप्तीनं दोनची बाकी घेतली, भारतनं तीनची. पाचचा हिशोब सगळ्यांत किचकट, तो कनिकाकडे, कारण घातांकात ती सर्वांत चलाख. भारतची एक खोड होती. उणे एक आलं की त्याचं उणे हरवायचं, आणि दोनच्या जागी एक लिहून मोकळा व्हायचा. सरावात दोनदा त्यानं असं केलं तेव्हा कनिका हसून म्हणाली होती, "भारत, तुझ्या खिशाला भोक आहे का? वजाबाकी सांडते सगळीकडे."

फेब्रुवारीतल्या एका रविवारी शर्यत झाली, त्यांच्याच कॉलेजात. पाच प्रश्न होते. पहिले दोन झाले आणि चहाची सुट्टी झाली. फळ्यावर गुण लागले होते. दोनपैकी दोन बरोबर असलेले दोनच संघ होते, त्यात हे तिघं.

चहाच्या वेळी पंच राजानंद सरांनी माईक घेतला. शिबिर एक मेपासून महिनाअखेरपर्यंत. तिघांनीही पूर्ण महिना राहायचं. एक जरी गळाला तरी संघ बाद आणि दुसऱ्या क्रमांकाच्या संघाला संधी. नियम आधीपासूनच होता, तारखा मात्र त्या दिवशी कळल्या.

"ऐकलं का?" तृप्तीनं कनिकाचा दंड धरला. "मे महिना. उन्हाळ्यात जालन्याच्या धुळीतून सुटलो आपण."

"आधी जिंकू तर दे," कनिका म्हणाली.

"माह्या आईला सांगावं लागंल, मे मधी घरी न्हाई," भारत म्हणाला. "हळदीच्या शिजवणीला दुसरा गडी बघा म्हनावं."

नंतरचे तीन प्रश्न तिघांनी आपापल्या खोलीत सोडवले. तृप्तीचा भाग सोपा होता, विषम की सम एवढाच, आणि तिला खात्री होती. पण गुण लागले तेव्हा त्यांचे दोनच. शेवटचे तिन्ही चुकले. शहरातल्या दुसऱ्या कॉलेजचा संघ चार गुण घेऊन पहिला आला. प्रश्नांच्या चिठ्ठ्या पंचांनी परत घेतल्या होत्या. उत्तरं उद्या लागतील म्हणाले.

जिन्याखाली तिघं उभे राहिले. तृप्तीचा सगळा राग भारतवर निघाला.

"तिन्ही? तिन्ही चुकवलेस?"

"म्या?"

"मंग कोण? मी सम-विषम चुकवीन? का कनिका चुकवंल? तुला उणे दिसत न्हाई, हे काय आज कळलं का?"

"तृप्ते, म्या बराबर केल्तं. दोन-दोनदा तपासून धाडलं. आईची आन."

"आन नको घालू. तुह्या एका उण्यापायी माझं पुणं गेलं. तुला काय, तुला शेत हाय, घर हाय."

भारत कनिकाकडे बघत राहिला. कनिकानं तृप्तीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "जाऊ दे गं आता. झालं ते झालं." मग भारतला म्हणाली, "तू पण जा, तुझी बस चुकेल."

भारतनं पिशवी उचलली. "बस न्हाई चुकायची," म्हणाला. "सवयच झालीय तुम्हाला. चुकलं की भारत." आणि गेला.

कनिका तृप्तीला मावशीच्या दारापर्यंत सोडायला आली. वाटेत तिनं तिला उसाचा रस पाजला. तृप्ती रडली तेव्हा तिनं आपल्या ओढणीनं तिचं तोंड पुसलं. पुढं कित्येक वर्षं तृप्तीला सगळ्यांत जास्त झोंबलं ते हेच, ती ओढणी.

दुसऱ्या दिवशी सकाळी गणित विभागाच्या फळ्यावर कागद लागला. प्रश्न, खरी उत्तरं, आणि शेजारी प्रत्येक संघाचा आकडा. तृप्ती एकटीच तिथं उभी होती. शेवटच्या तीन प्रश्नांची खरी उत्तरं होती सव्वीस, आठ आणि पाच. त्यांच्या संघाची होती वीस, दोन आणि एकोणतीस.

सवयीनं तिनं मनात वजाबाकी केली. सव्वीसातून वीस गेले, सहा. आठातून दोन गेले, सहा. पाचातून एकोणतीस गेले, उणे चोवीस, आणि तीसच्या बाकीत उणे चोवीस म्हणजे सहा.

तिन्ही वेळा सहा.

तिनं त्या सहाला पंधरानं गुणलं. नव्वद, शून्य. म्हणजे तिच्या चुलीवर चूक नव्हती. दहानं गुणलं. साठ, शून्य. भारतच्या चुलीवरही नव्हती. भारतचं उणे हरवलं असतं तर फरक दहाचा पडला असता, नाहीतर विसाचा. सहाचा पडूच शकत नव्हता. सहाला सहानं गुणलं तर सहाच राहिला. चूक होती ती पाचच्या बाकीत, सगळीच्या सगळी.

तिनं त्या तिनांतला पहिला प्रश्न पाचच्या बाकीत सोडवून बघितला. सात, आठ आणि अकरा, तिघांचा एकशे एकावा घात, आणि बेरीज. पाचच्या बाकीत सात म्हणजे दोन, आठ म्हणजे तीन, अकरा म्हणजे एक. दर चार घातांनी चक्र फिरतं, म्हणून एकशे एकावा घात पहिल्यासारखाच. दोन, तीन, एक. बेरीज सहा, बाकी एक. कनिकानं शून्य धरलं होतं. दुसऱ्यात तीन हवे होते, तिनं दोन धरले. तिसऱ्यात बाकी शून्य हवी होती, तिनं चार.

प्रत्येक वेळी एक कमी. घाईची चूक अशी होत नाही. घाईची चूक कधी इकडे जाते, कधी तिकडे. ही तर मापानं कमी दिलेली होती, तराजूत बोट ठेवून दिल्यासारखी. आणि चहाच्या आधीचे दोन आकडे चोख होते.

ती वंदना मॅडमच्या खोलीत गेली. मॅडम उत्तरपत्रिका तपासत होत्या. तृप्तीनं फक्त तीन फरक सांगितले. मॅडमनी पेन खाली ठेवलं. गुणायची त्यांना गरज पडली नाही.

"पाच," त्या म्हणाल्या.

"मॅडम, तिनं असं का केलं असंल?"

"आखातीजेला तिचं लग्न आहे, तृप्ती. तिच्या वडिलांनी मला गेल्या महिन्यातच सांगितलं. पत्रिका छापायला गेल्यात."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"आणि तरी तुम्ही तिला संघात ठेवलं? तिघं नाही तर कुणीच नाही, हे ठाऊक असून?"

"मला वाटलं, आधी जिंकू. मग तिच्या वडिलांशी बोलू, पंचांशी बोलू, काहीतरी वाट काढू. तिच्याशिवाय पाचचा हिशोब कोण करणार होतं? विभागात तिसरा कुणी नव्हता." मॅडमनी पेन पुन्हा उचललं. "तिनं तुम्हाला सांगितलं असेल असं वाटलं मला. तुम्ही तिघं तर एकाच ताटातले."

मॅडमनी तिला गणित मन लावून शिकवलं होतं, आणि तिचं पुणं मात्र अशा 'वाटलं'वर सोडून दिलं होतं.

कनिका दुपारी वाचनालयात भेटली. तृप्ती तिच्यासमोर बसली.

"सहा, सहा आणि सहा," ती म्हणाली.

कनिकानं समजून न समजल्यासारखं केलं नाही, एवढं तिच्या बाजूनं सांगायला हवं. तिनं पुस्तक मिटलं.

"मला वाटलं तू कालच ओळखशील. पाटी पंचांसमोर धरली तेव्हापासून वाट बघत होते."

"लग्नाचं सांगितलं का न्हाईस?"

"काय सांगणार होते? की मी येत नाही, माझ्यामुळं तुम्हीही येऊ शकत नाही? तू चार महिने माझ्याशी बोलली नसतीस. तारखा कळेपर्यंत वाटत होतं, जून असेल, जमवेन काहीतरी, सासरच्यांना सांगेन. मग सर मे म्हणाले. आखातीज नेमकी त्यातच. आमच्यात आखातीज पुढं ढकलत नाहीत, तृप्ते. दोन्हीकडची साडेसातशे माणसं येणार."

"मंग जिंकून नाव काढून घ्यायचं होतंस. संघ बाद झाला असता तर झाला असता."

"आणि सगळे म्हणाले असते कनिकामुळं गेलं." तिनं ओठ दाबले. "हरलो असं झालं तर कुणावरच ठपका नाही येत. मला एवढंच वाटलं."

"भारतवर आला."

कनिकानं मिटलेलं पुस्तक जवळ ओढलं.

"मी त्याला काय काय बोलले, तू तिथंच उभी होतीस. हात माझ्या खांद्यावर होता तुझा."

"तू त्याचं नाव घेतलंस, मी नाही घेतलं."

हे ऐकून तृप्ती उठली. पुणं गेल्याचं दुःख एका बाजूला होतं. पण कनिकानं आपल्या तोंडानं भारतचं नाव घेतलं नव्हतं हे खरंच होतं, आणि तेच तिनं ढालीसारखं पुढं धरावं, हे तृप्तीच्या काळजात रुतलं. चूक एकाच चुलीवर केली होती आणि धूर दुसऱ्याच्या घरात सोडला होता.

"तू पंचांना सांगणार?" कनिकानं मागून विचारलं.

"सांगून काय होनार? पाटी तूच धरली होतीस. उत्तर उत्तर असतं." जाता जाता ती थांबली. "भारतला मात्र तू सांग. माझ्या समोर."

"लग्नाआधी नको," कनिका म्हणाली. "तो हसनाबादेत बोलेल, तिथले व्यापारी आमच्या सासऱ्यांना ओळखतात."

तृप्ती त्याच दुपारी हसनाबादच्या बसमध्ये बसली. भारत गोठ्यात होता. त्याची आई गोजरबाई बाजेवर शेंगा सोलत होती. "ये बाई," म्हणाली, "जेवली का?" भारत मात्र म्हशीपुढून हलला नाही. तृप्तीनं त्याला फरक सांगितले. त्यानंही ते मनात गुणले असावेत, कारण त्याचे ओठ हलले.

"म्हंजे म्या न्हाई."

"न्हाई. तू बराबर होतास. मला माफ कर."

"तू आधी गुणून बघायचं होतंस," तो म्हणाला. "हिशोबाची पोरगी तू. उत्तरं लागायच्या आधीच नाव घेतलंस माझं. कनिकाचं का न्हाई घेतलंस?"

याचं उत्तर तृप्तीजवळ होतं, पण ते तोंडानं सांगण्यासारखं नव्हतं. कनिका चुकेल असं तिच्या मनातच आलं नव्हतं. भारत चुकेल हे मात्र आधीच ठरल्यासारखं होतं.

"खाऊन जा," भारतनं म्हशीच्या पाठीवरून म्हटलं. "आईनं शेंगा भाजल्यात." पण तो स्वतः तिच्याबरोबर बसला नाही.

कनिकाचं लग्न ठरल्या तारखेला झालं. वरात मोठी होती म्हणतात. नवरा मयंक, नांदेडला त्याच्या वडिलांचं, जुगलकिशोरजींचं, धान्याचं दुकान. पुढं तिनं तिथं शिकवण्या चालू केल्या आणि त्या चांगल्या चालतात असं ऐकिवात आहे. तिला एक मुलगी आहे. तृप्तीला तिनं पत्रिका पाठवली होती, हातानं चार ओळी लिहून. तृप्ती गेली नाही आणि त्या ओळींचं उत्तरही दिलं नाही.

वंदना मॅडम तीन वर्षांनी निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात त्यांनी आपल्या हाताखालून गेलेल्या मुलांची नावं घेतली, त्यात तृप्तीचं होतं. त्या शर्यतीचं कुणी नाव काढलं नाही. पुण्याच्या शिबिराला दुसऱ्या कॉलेजचे तिघं गेले आणि त्यातला एकच तिथं टिकला.

तृप्तीनं बी.एड. केलं, मग बापाला मनवून औरंगाबादलाच एम.एस्सी. केलं. आता अंबडकडच्या एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. एखादं पोरगं चुकलं की ती आधी त्याचा आकडा बघते, तोंड नंतर. वर्गातल्या मुलांना याचं कारण ठाऊक नाही.

आणि भारतनं त्या वर्षी परीक्षा दिली, पास झाला, पण पुन्हा गणिताकडे फिरकला नाही. अंकुशनगरच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर लागला. तृप्तीची आणि त्याची दोन-तीनदा भेट झाली, अंबडच्या बाजारात. तो नमस्कार करतो, घरच्यांचं विचारतो, आणि तिनं चहाचं विचारलं की म्हणतो, आज घाई हाय, पुन्हा कधी.